टीव्हीवरचा चेंडू उशिरा का येतो?

मे महिन्याच्या सुट्टीत घरात चारसहा मुलं जमली की फोनवरचा गेम टीव्हीवर लावायची टूम निघतेच. लुडो लावला तर डाव छान रंगतो. फासा पडतो, सोंगट्या सरकतात, कुणाची सोंगटी कापली गेली की आरडाओरडा होतो आणि आजीसुद्धा सोफ्यावरून सल्ले देते. मग कुणीतरी क्रिकेटचा गेम लावतं आणि पहिल्याच षटकात कटकट सुरू होते. फलंदाज एकसारखा त्रिफळाचीत होतो. ज्याच्या हातात फोन आहे तो शपथेवर सांगतो की बटण वेळेवरच दाबलं होतं. बाकीचे त्याला हसतात, आणि शेवटी खापर वायफायवर फुटतं. फोन तोच, टीव्ही तोच, जोडणीही तीच असते. तरीही लुडोत जे निभावलं ते क्रिकेटमध्ये निभावत नाही.

याचं उत्तर समजायला आधी एक गैरसमज काढून टाकायला हवा. गेम टीव्हीवर चालत नसतो, तो फोनवरच चालतो. चेंडू कुठे आहे, बॅट कधी फिरली, धाव झाली की नाही, याचा सगळा हिशेब फोन करतो. टीव्हीवर दिसते ती फोनच्या पडद्याची नक्कल, आणि ती थोड्या मागच्या क्षणाची असते. टीव्हीवर चेंडू टप्पा घेताना दिसतो तेव्हा फोनमधला चेंडू यष्टीपर्यंत पोचलेलाही असू शकतो. म्हणजे टीव्हीकडे बघून बटण दाबणारा खेळाडू होऊन गेलेल्या चेंडूवर बॅट फिरवत असतो. लुडोमध्ये फासा पाव सेकंद उशिरा दिसल्याने कुणाचं काही बिघडत नाही, कारण खेळ तुमच्यासाठी थांबलेला असतो. क्रिकेटचा चेंडू कुणासाठी थांबत नाही.

हा फरक किती महाग पडतो याचा अंदाज खऱ्या मैदानावरून घेता येईल. खेळपट्टीची लांबी 22 यार्ड, म्हणजे सुमारे 20 मीटर. गोलंदाजाच्या हातून सुटलेला चेंडू बॅटपर्यंत येताना त्यातलं साडेसतरा-अठरा मीटर अंतर कापतो. ताशी 140 किलोमीटर वेगाने त्याला जेमतेम अर्धा सेकंद लागतो. वायफायवरून टीव्हीवर चित्र पाठवताना पाव सेकंद उशीर होणं अगदी नेहमीचं आहे. अर्ध्यातला पाव सेकंद असा परस्पर गेला की फलंदाजाकडे राहतं काय? गेममध्ये चेंडू थोडा सावकाश येतो आणि टप्पा कुठे पडणार याची खूणही बहुधा आधीच दिसते, म्हणून थोडाफार निभाव लागतो. पण फटक्याची अचूक वेळ साधायची फट गेममध्येही अरुंदच असते.

म्हणून टीव्हीवर काही अडलं की पहिली तपासणी पैशांची नाही, नजरेची करावी. तोच गेम टीव्हीवर चालू असताना नजर फोनच्या पडद्यावर ठेवून एक षटक खेळून पाहा. फोनवर सगळं सुरळीत आणि वेळेवर दिसत असेल, तर दोष नक्कल पोचण्याच्या वाटेत आहे. फोनवरच खेळाडू जागच्या जागी उड्या मारत असतील किंवा गोळी झाडल्यावर परिणाम उशिरा दिसत असेल, तर तो गेमच्या सर्व्हरपर्यंतच्या इंटरनेटचा उशीर आहे, ज्याला मुलं ‘पिंग’ म्हणतात. फोनवरच चित्र धापा टाकत असेल, तर फोन तापला आहे. या तिन्हींना सगळे सरसकट ‘लॅग’ म्हणतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला देत बसतात. क्रिकेटच्या चेंडूसाठी महागडा इंटरनेट प्लॅन घेणारे मी पाहिले आहेत. त्याचा काडीचा उपयोग होत नाही, कारण फोनपासून टीव्हीपर्यंतच्या प्रवासात इंटरनेट येतच नाही. घरातलं वायफाय येतं, आणि ती वेगळी गोष्ट.

उशीर मोजायलाही काही विकत आणावं लागत नाही. फोनवर शतांश सेकंद दाखवणारं स्टॉपवॉच चालू करा, पडदा टीव्हीवर पाठवा, फोन टीव्हीच्या अगदी शेजारी धरा आणि दुसऱ्या फोनने दोन्ही पडद्यांचा एकत्र फोटो काढा. कोल्हापूरला बहिणीकडे हा प्रयोग केला तेव्हा भाच्याचा विश्वासच बसेना. “मामा, एकच घड्याळ दोन वेळा कशा दाखवेल?” असं म्हणत त्याने फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. फोटोत फोनवर 14.63 आणि टीव्हीवर 14.39 दिसत असेल, तर फरक 24 शतांश सेकंद, म्हणजेच 240 मिलिसेकंद. फोटो एकच काढून भागत नाही. फोनचा पडदा साधारणपणे सेकंदाला 60 वेळा बदलतो, त्यामुळे दर वाचनात दोन-तीन शतांशांची चूक धरावीच लागते. शिवाय आकडे कधीकधी पुसट येतात. भरपूर उजेडात पाठोपाठ बरेच फोटो काढावेत आणि सगळे फरक कागदावर उतरवावेत.

त्या कागदावरून दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे सरासरी उशीर किती, आणि दुसरी म्हणजे तो किती कमीजास्त होतो. माझ्या मते दुसरी जास्त महत्त्वाची. रोज नेमकी दहा मिनिटं उशिरा येणारी एसटी माणसाच्या अंगवळणी पडते, तो घरातून उशिरा निघायला शिकतो. एक दिवस दोन मिनिटं आणि दुसऱ्या दिवशी वीस मिनिटं उशीर करणारी गाडी मात्र कुणालाच सवयीची होत नाही. उशिराच्या पडद्याचंही तसंच आहे. सगळे फोटो 150च्या आसपास असतील, तर चांगला खेळाडू थोड्या वेळात आपोआप लवकर फटका मारू लागतो. वाचनं 120, 310, 180, 260 अशी उडत असतील, तर हाताला कुठलीच सवय लागत नाही. अशा वेळी सरासरी कमी करण्याआधी चढउतार कमी करायला हवेत.

हा उशीर येतो कुठून? यूट्यूबची चित्रफीत फोनवरून टीव्हीवर ‘कास्ट’ केली की फोन टीव्हीला फक्त पत्ता देतो आणि टीव्ही किंवा त्याला लावलेलं उपकरण ती इंटरनेटवरून स्वतः आणतं. फोन नुसता रिमोट राहतो. टीव्ही थोडा साठा आधी करून घेतो, मग दाखवतो, आणि सिनेमा दोन सेकंद उशिरा सुरू झाला तरी कुणाला कळत नाही. गेमला ही सोय नाही. पुढचं चित्र तुम्ही बटण दाबल्यावर ठरणार असतं, त्यामुळे ते आधी आणून ठेवता येत नाही. फोनला पडद्याचं प्रत्येक चित्र टिपावं लागतं, व्हिडिओसारखं दाबून लहान करावं लागतं, तुकड्यांत हवेतून पाठवावं लागतं. पलीकडे टीव्ही ते तुकडे जुळवतो. एखादा उशिरा आला तर अडायला नको म्हणून थोडे साठवून ठेवतो, मग उलगडतो आणि शेवटी पडद्यावर आणतो. दाबणं, पाठवणं, साठवणं आणि उलगडणं या प्रत्येक पायरीवर थोडे मिलिसेकंद जातात आणि त्यांची बेरीज शंभरापासून तीनशेपर्यंत सहज जाते. त्यात साठवणीचा वाटा मोठा, आणि तो मुद्दाम ठेवलेला असतो. हवा जितकी बेभरवशाची, तितका हा साठा जास्त लागतो.

हवेतून पाठवण्याच्या वाटा प्रामुख्याने तीन. वाय-फाय अलायन्सने 2012मध्ये आणलेलं मिराकास्ट, 2013मध्ये क्रोमकास्टबरोबर आलेलं गुगल कास्ट आणि अॅपलचं एअरप्ले. सॅमसंगच्या फोनवर मिराकास्ट ‘स्मार्ट व्ह्यू’ या नावाने दिसतं, इतर कंपन्यांची नावं निराळी. आयफोनमध्ये मिराकास्ट नाही, आणि गुगलच्या पिक्सेलमध्येही नाही. मिराकास्टमध्ये फोन टीव्हीशी थेट बोलतो, मध्ये राउटर लागत नाही. गुगल कास्टमध्ये चित्र फोनकडून राउटरकडे आणि राउटरकडून टीव्हीकडे जातं. म्हणजे एकच चित्र हवेतून दोनदा प्रवास करतं, आणि तेही त्याच वायफायवर, जिथे शेजारच्या खोलीत कुणीतरी मालिका पाहत असतं.

हे समजलं की सुधारणा कुठे करायची ते आपोआप दिसतं. कास्ट वापरत असाल तर टीव्ही राउटरला लॅनच्या तारेने जोडा. दोनांपैकी एक हवाई प्रवास संपला. बऱ्याच स्मार्ट टीव्हींना मागे ही खाच असते आणि ती वर्षानुवर्षं रिकामी पडून असते. फोन राउटरच्या 5 गिगाहर्ट्‌झच्या जाळ्यावर घ्या. शहरातल्या इमारतीत 2.4 गिगाहर्ट्‌झवर वरच्या, खालच्या, बाजूच्या सगळ्या घरांची वायफाय येऊन आदळतात, आणि ब्लूटूथचा कंट्रोलरही त्याच पट्ट्यात बोलतो. 5 गिगाहर्ट्‌झ भिंतींपलीकडे फार जात नाही, म्हणून फोन आणि राउटर एकाच खोलीत असलेले बरे. एवढ्याने सरासरी थोडी उतरते, पण खरा फायदा चढउतारात होतो. फोटोंच्या कागदावर तो स्पष्ट दिसतो.

मिराकास्टची एक खोड सांगायला हवी, कारण ती पकडणं अवघड जातं. ऑनलाइन गेम खेळताना फोन एकाच वेळी राउटरशी आणि टीव्हीशी बोलत असतो. ही दोन बोलणी वेगवेगळ्या चॅनेलवर असतील तर अनेक फोनमधला रेडिओ इकडून तिकडे उड्या मारत राहतो. मग बीजीएमआयसारख्या गेमच्या कोपऱ्यातला पिंगचा आकडा टीव्ही जोडल्यावर एकदम वाढतो आणि टीव्ही तोडला की खाली येतो. दोन-तीनदा जोडून-तोडून पाहिलं की शंका राहत नाही. अशा वेळी फोन घरच्या वायफायवरून काढून गेम मोबाइल डेटावर चालवावा. मिराकास्टला राउटर लागत नसल्याने टीव्हीचं चित्र चालूच राहतं. वायफाय पूर्ण बंद मात्र करू नका, मिराकास्ट त्यावरच चालतं.

आता तार. तारेने जोडलं की उशीर संपला असं लोक समजतात. ते खरं आहे, पण तार कुठली यावर सगळं आहे. योग्य तारेत फोनच्या पडद्याकडे जाणारं चित्र न दाबता, न साठवता थेट टीव्हीकडे जातं. त्यासाठी फोनच्या यूएसबी-सी खाचेतून ‘डिस्प्लेपोर्ट’ नावाच्या पद्धतीने चित्र बाहेर यावं लागतं, आणि ही सोय सगळ्या फोनमध्ये नसते. खाचेचा आकार सारखा दिसतो म्हणून फसायला होतं. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस मालिकेत 2017च्या एस 8पासून ती आहे. आयफोनमध्ये 2023च्या आयफोन 15पासून आली. गुगलच्या पिक्सेल 8मध्ये ती यंत्रात होती पण बंद ठेवलेली होती, 2024मध्ये सॉफ्टवेअर अपडेटने उघडली. मध्यम आणि स्वस्त किमतीच्या बहुतेक फोनमध्ये मात्र नसते, आणि आपल्याकडे घरोघरी असतात ते हेच फोन.

फोनमध्ये ती आहे की नाही हे विकत घेण्याआधी पाहायचं असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलची माहिती उघडा आणि यूएसबीची ओळ वाचा. तिथे ‘डिस्प्लेपोर्ट’ लिहिलं असेल तर प्रश्न मिटला. नुसतं `USB 2.0` लिहिलं असेल तर नाद सोडा. चित्र ज्या वेगवान तारांतून जातं त्या अशा खाचेत जोडलेल्याच नसतात, त्यामुळे कुठलंही अॅप किंवा अपडेट ती सोय आणू शकत नाही. हीच गोष्ट केबलची. फोनबरोबर डब्यात आलेली चार्जिंगची केबल बहुधा याच कारणाने चित्र नेत नाही. लागतो तो यूएसबी-सी ते एचडीएमआय अॅडाप्टर आणि पुढे साधी एचडीएमआय केबल.

पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ‘मोबाइल टू टीव्ही केबल’ मागितली की आणखी एक वस्तू समोर येते. एका टोकाला एचडीएमआय, मध्ये लहानशी डबी, दुसऱ्या टोकाला फोनची पिन आणि डबीला वीज द्यायला वेगळी यूएसबी. ‘कुठल्याही फोनला चालते’ ही तिची जाहिरात, आणि ती खोटी नाही. फक्त पहिल्यांदा लावताना एखादं अॅप टाकायला किंवा पडदा टिपायची परवानगी द्यायला सांगितलं गेलं तर ओळखावं की फोन चित्र दाबून पाठवतो आहे आणि डबी ते उलगडते आहे. दिसायला तार, काम मात्र वायफायच्या जातीचं. हवेतले चढउतार यात नसतात, पण दाबण्या-उलगडण्याचा उशीर राहतोच. लग्नाचे फोटो दाखवायला ती उत्तम आहे.

ही तडजोड फक्त स्वस्त वस्तूंतच असते असं नाही. जुन्या आयफोनसाठी अॅपल जो लाइटनिंगचा एचडीएमआय अॅडाप्टर विकत असे, त्यातून येणारं चित्र किंचित फुटलेलं दिसतं म्हणून पॅनिक या अमेरिकन सॉफ्टवेअर कंपनीच्या लोकांनी 2013मध्ये तो कापून पाहिला. आत चक्क प्रोसेसर आणि 256 एमबी मेमरी निघाली. म्हणजे फोन चित्र दाबून पाठवत होता आणि अॅडाप्टरमधला लहानसा संगणक ते उलगडत होता. आयफोन 14 आणि त्याआधीचे फोन आजही अनेकांकडे आहेत. त्यांना तार लावूनही क्रिकेटचा चेंडू थोडा उशिरा येतो, त्याचं कारण हे.

अॅडाप्टर घेताना एक सापळा टाळायचा. डबीवर ‘4के’ असं ठळक छापलेलं असतं, पण अनेक स्वस्त अॅडाप्टर 4के चित्र सेकंदाला फक्त 30 वेळा पाठवू शकतात. 60 वेळा बदलणाऱ्या पडद्यावर एक चित्र सुमारे 17 मिलिसेकंद राहतं, तर 30वर 33 मिलिसेकंद. चेंडूची हालचाल तुटक दिसते आणि प्रत्येक बातमी थोडी उशिरा मिळते. टीव्हीच्या रिमोटवर माहितीचं बटण दाबलं की कोणतं चित्र येतंय ते बहुतेक टीव्ही दाखवतात. तिथे `3840x2160 30Hz` दिसलं तर खेळासाठी ते वाईट. `1920x1080 60Hz` दिसलं तर ठीक. गेमसाठी चित्राच्या बारकाव्यापेक्षा त्याचा वेग मोलाचा, आणि सोफ्यावरून 4के आणि फुल एचडीतला फरक फारसा कळतही नाही. नवा अॅडाप्टर घेताना ‘4के 60 हर्ट्‌झ’ असं स्पष्ट लिहिलेलाच घ्यावा.

तार योग्य लागली आणि तरीही फोटोत शंभराच्या आसपास फरक दिसतोय असं हमखास होतं. तिथे बहुतेक जण हात टेकतात, आणि खरा चोर तिथेच असतो. आजचे टीव्ही आलेलं चित्र जसंच्या तसं दाखवत नाहीत. ते रंग भडक करतात, कडा धारदार करतात, दाणे पुसतात. सगळ्यात वेळखाऊ उद्योग म्हणजे दोन चित्रांच्या मध्ये स्वतःच्या मनाने तिसरं चित्र बनवून हालचाल गुळगुळीत करणं. त्यासाठी टीव्हीला पुढचं चित्र हातात येईपर्यंत थांबावं लागतं, म्हणजे उशीर त्या पद्धतीतच बांधलेला आहे. मालिका बघताना याचा त्रास होत नाही. खेळताना होतो.

यावरचा उपाय टीव्हीतच असतो आणि फुकट असतो. चित्राच्या सेटिंगमध्ये ‘गेम’ नावाचा मोड निवडायचा. एलजीमध्ये तो ‘गेम ऑप्टिमायझर’ म्हणून दिसतो. सॅमसंगमध्ये बऱ्याच मॉडेलवर तो चित्राच्या यादीत नसून बाहेरच्या उपकरणांच्या सेटिंगमध्ये दडलेला असतो. तो चालू केला की टीव्ही आपले बहुतेक संस्कार बंद करतो. चित्र क्षणभर फिकं वाटतं आणि घरातलं कुणीतरी ‘रंग गेले’ म्हणून कुरकुर करतं. दुर्लक्ष करावं. ज्या टीव्हीत असा मोडच नाही, तिथे हालचाल गुळगुळीत करणारी आणि दाणे पुसणारी सेटिंगं हाताने बंद करावीत. काही टीव्हींवर त्या एचडीएमआय खाचेला ‘पीसी’ असं नाव दिलं तरी बराच फरक पडतो. एक लक्षात ठेवा, गेम मोड बहुतेक टीव्हींवर एचडीएमआयच्या खाचेपुरताच खरा लागू होतो. टीव्हीतल्याच कास्टने चित्र येत असेल तर तो पर्याय अनेकदा दिसतच नाही किंवा निवडूनही फरक पडत नाही.

एका घराचा हिशेब मांडू. फोन डिस्प्लेपोर्टची सोय असलेला, टीव्ही चारपाच वर्षांपूर्वीचा. टीव्हीतल्या कास्टवरून 2.4 गिगाहर्ट्‌झच्या वायफायवर फोटो घेतले तर फरक साधारण 200 ते 300 असा उडता येतो. फोन 5 गिगाहर्ट्‌झवर घेऊन टीव्हीला लॅनची तार दिली की तो 150-180च्या आसपास स्थिरावतो. कॅरम, पूल, बुद्धिबळ, लुडो एवढ्यावर मजेत चालतं. क्रिकेटही सोप्या पातळीवर जमू लागतं. मग अॅडाप्टर आणून एचडीएमआयला लावला आणि टीव्ही नेहमीच्या झगमगीत मोडवरच ठेवला, तर आकडा शंभराच्या आसपास अडतो. माणूस म्हणतो, तारेचे पैसे पाण्यात गेले. त्यानंतर गेम मोड लावला की तोच आकडा 20-40पर्यंत घसरतो, म्हणजे फोटोतल्या वाचनाच्या चुकीच्या जवळ जाऊन पोचतो. तार आणि गेम मोड एकमेकांशिवाय अर्धवट आहेत. या मापात फोनचा स्वतःचा, बोट टेकल्यापासून पडदा बदलेपर्यंतचा उशीर धरलेला नाही. तो नुसत्या फोनवर खेळतानाही असतोच आणि हाताला त्याची सवय असते.

उशीर संपला तरी टीव्हीकडे बघून खेळणं लगेच जमत नाही, कारण फोनच्या काचेवर बोटाला लागणारं बटण नसतं. नजर हटली की अंगठा सरकतो आणि फटक्याऐवजी दुसरंच काही दाबलं जातं. टीव्हीकडे बघूनच खेळायचं असेल तर कंट्रोलर लागतो. तो फोनला जोडायचा, टीव्हीला नाही, कारण गेम फोनमध्ये आहे. ही चूक इतकी सर्रास होते की कंट्रोलर बिघडलेला समजून दुकानात परत नेणारेही असतात. शिवाय सगळेच गेम कंट्रोलर मानत नाहीत. घेण्याआधी त्या गेमच्या सेटिंगमध्ये तसा पर्याय आहे का ते बघून घ्यावं.

फोनला डिस्प्लेपोर्ट नसेल तर? माझं स्पष्ट मत असं की त्यासाठी नवा फोन घेऊ नये. खेळणाऱ्याने फोनकडे बघून खेळावं आणि बाकीच्यांनी टीव्ही बघावा. खेळाडूला काहीच उशीर नाही, आणि प्रेक्षकांना पाव सेकंद उशिरा दिसलेला षटकार तेवढाच गोड लागतो. अडचण येते ती आवाजाची. पडदा पाठवला की बहुधा आवाजही टीव्हीकडे जातो. मग फोनवर चेंडू सीमेपार गेल्यावर बॅटचा ठोका मागून ऐकू येतो. क्रिकेटमध्ये हे चालून जातं. पावलांच्या आवाजावरून शत्रू ओळखायच्या गेममध्ये ते घातक ठरतं, कारण माणूस दाराशी येऊन ठेपल्यावर त्याची चाहूल लागते. अशा वेळी टीव्हीला जोडलेला ब्लूटूथ साउंडबार तरी बंद करा, तो स्वतःचा उशीर वर आणखी चढवतो. टीव्हीचे स्वतःचे स्पीकर किंवा तारेने जोडलेला साउंडबार त्यापेक्षा बरा. तालावर चालणाऱ्या गेममध्ये आवाज आणि चित्र यांचा मेळ बसवायचं सेटिंग दिलेलं असतं. ते टीव्हीवर खेळताना नव्याने लावावं आणि फोनवर परतल्यावर पूर्ववत करावं. ते सेटिंग तुमचं गुणांकन दुरुस्त करतं, अचानक आलेल्या चेंडूवर तुम्हाला जास्त वेळ मात्र देत नाही.

खेळ सुरू करण्याआधी फोन ‘डू नॉट डिस्टर्ब’वर टाका. नाहीतर ऐन अंतिम षटकात सासूबाईंबद्दलचा व्हॉट्सअॅप संदेश पंचावन्न इंची पडद्यावर अवतरतो, आणि तेव्हा मिलिसेकंदांचा प्रश्न फार मागे पडतो.

राहता राहिली उष्णता. गेम चालवणं, चित्र दाबून पाठवणं आणि चार्जिंग ही तिन्ही कामं एकदम करणारा फोन विदर्भातल्या दुपारी अर्ध्या तासात तापतो. तापला की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. आधी गेम अडखळू लागतो, मग टीव्हीवरचा उशीर वाढत जातो. पहिल्या दहा मिनिटांत घेतलेले फोटो आणि तासाभराने घेतलेले फोटो वेगळे आले तर कारण हेच. फोनचं कव्हर काढा, तो गादीवर किंवा उशीवर न ठेवता टेबलावर पंख्याखाली ठेवा आणि गेममधली ग्राफिक्सची पातळी एक पायरी खाली आणा. तारेने खेळत असाल तर चार्जिंगची खाच असलेला अॅडाप्टर घ्या, म्हणजे फोनची बॅटरी डावाच्या मध्येच संपणार नाही. पण फोन हाताला चटका देत असेल तर ती पिनही थोडा वेळ काढून ठेवा.